डार्क मोड लावूनही स्क्रीन डोळ्यांवर का येते?

श्रोतेहो, नमस्कार.

रात्री गाडी चालवताना डॅशबोर्डवरची स्क्रीन डोळ्यांवर येते म्हणून डार्क मोड लावला, नकाशा काळा झाला, तरी डोळ्यांना होणारा त्रास काही कमी झाला नाही, अशी तक्रार पुष्कळ चालकांची असते. यात डार्क मोडचा दोष नाही. डार्क मोड फक्त रंग बदलतो. स्क्रीनमधून किती उजेड बाहेर पडायचा हे ब्राइटनेस ठरवतो, आणि तो तसाच राहिलेला असतो.

बहुतेक गाड्यांमध्ये एलसीडी स्क्रीन असते. तिच्या मागे एक दिवा सतत जळत असतो, त्याला बॅकलाइट म्हणतात. काळा रंग दाखवायचा म्हणजे त्या दिव्यासमोर जणू पडदा ओढायचा. पण हा पडदा पूर्ण घट्ट बसत नाही, थोडा उजेड झिरपतोच. पूर्ण अंधारात गाडी उभी करून डार्क मोडमधल्या स्क्रीनचा रिकामा भाग पाहा. तो काळा नाही, राखाडी दिसेल. ओएलईडी स्क्रीनवर काळा ठिपका खरोखरच विझलेला असतो, त्यामुळे तिथे डार्क मोडचा फायदा जास्त. एलसीडीवर मात्र बॅकलाइट खाली आणल्याशिवाय भागत नाही.

एवढ्याशा उजेडाने काय बिघडतं? बुबुळाच्या मधली बाहुली अंधारात काही सेकंदांत मोठी होते, पण डोळ्याच्या पडद्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला 20 ते 30 मिनिटं लागतात. झगझगीत स्क्रीनकडे वारंवार पाहिलं की ही सवय पुन्हा पुन्हा मोडते. शिवाय स्क्रीनचा उजेड डोळ्याच्या आतच थोडा विखुरतो आणि समोरच्या दृश्यावर धुरकट थर चढतो. आपल्याला दिपल्यासारखं वाटतही नाही, पण गडद कपड्यांतला पादचारी उशिरा दिसतो. वयाबरोबर हे विखुरणं वाढतं. म्हणून एकाच गाडीत मुलाला बरी वाटणारी स्क्रीन वडिलांना सहन होत नाही.

आता ब्राइटनेस कसा लावायचा ते पाहू. इथे बहुतेकांची गफलत एकाच ठिकाणी होते. अनेक गाड्या ब्राइटनेसचे दोन आकडे वेगवेगळे साठवतात, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा. मेनूतली पट्टी एकच दिसते, पण ती त्या क्षणी चालू असलेला आकडाच बदलते. दुपारी गाडी उभी करून पट्टी खाली ओढली, तर दिवसाची स्क्रीन मंद झाली. रात्री हेडलाइट लावले की जुना रात्रीचा आकडा परत हजर!

त्यामुळे रात्रीची मांडणी रात्रीच करायची. अंधाऱ्या, सुरक्षित जागी गाडी थांबवा. हेडलाइट लो बीमवर ठेवा, आतला दिवा बंद करा आणि दहाएक मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. मग नकाशा उघडून ब्राइटनेस अगदी तळाला न्या. तिथून एकेक पायरी वर चढवा आणि पुढच्या वळणाचं नाव ओझरत्या नजरेत वाचता येईल तिथे थांबा. आता दोन सेकंद स्क्रीनकडे बघून लगेच समोर रस्त्याच्या अंधाऱ्या कडेकडे बघा. डोळ्यांपुढे स्क्रीनचा चौकोन तरंगत राहिला, किंवा कडेचं गवत दिसायला क्षणभर वेळ लागला, तर अजून एक पायरी खाली या. बाजूच्या किंवा पुढच्या काचेत स्क्रीनचं प्रतिबिंब पडत असेल, तर तेही कमी झालंय का ते पाहा. स्क्रीन जमली की मीटरचे दिवेही त्याच मापाने उतरवा, नाहीतर एका बाजूने उजेड राहतोच.

मग 'ऑटो' कशासाठी आहे? कामाचंच आहे, पण गाडी रात्र झाली हे कशावरून ओळखते ते माहीत हवं. काही गाड्या पार्किंग लाइट लागले की रात्र धरतात. काहींमध्ये डॅशबोर्डवर, पुढच्या काचेजवळ प्रकाशाचा सेन्सर असतो. काही यंत्रणा घड्याळ आणि सूर्यास्ताच्या वेळेवर चालतात. त्यांना बोगदा कळत नाही, आत शिरलात तरी त्यांच्या लेखी दिवसच असतो.

मोबाइल जोडून नकाशा वापरत असाल, तर स्क्रीनचा उजेड गाडीच्या हातात असतो. मोबाइलचा ब्राइटनेस कितीही कमी करा, फरक पडणार नाही. नकाशा काळा की पांढरा हे मात्र मोबाइलशी जोडलेल्या सेटिंगवरून ठरू शकतं. आयफोन जोडल्यावर येणाऱ्या कारप्लेमध्ये गाडीच्या स्क्रीनवरच्या सेटिंगमध्ये Appearance मध्ये जा, तिथे Automatic आणि Always Dark हे पर्याय दिसतील. Automatic ठेवणंच बरं. भर उन्हात काळ्या पार्श्वभूमीवर आकाशाचं आणि आपल्या शर्टाचं प्रतिबिंब जास्त ठळक दिसतं आणि अक्षरं हरवतात. दिवसा पांढराच नकाशा चांगला वाचता येतो.

उलटी तक्रारही येते: दिवसा स्क्रीन इतकी मंद की काहीच दिसत नाही. समजा पाऊस आहे, म्हणून दुपारीच हेडलाइट लावले आणि स्क्रीन एकदम विझल्यासारखी झाली. हेडलाइटबरोबर लागणाऱ्या पार्किंग लाइटवरून गाडीने रात्र धरली, एवढंच झालं. अशा वेळी मीटरच्या दिव्यांचा डिमर पूर्ण वर फिरवून पाहा. बऱ्याच गाड्यांमध्ये शेवटच्या टोकाला तो गेला की दिवसाचा उजेड परत येतो. काही गाड्यांत डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये दिवसाच्या मोडचं वेगळं बटण असतं. पण संध्याकाळी ते परत जागेवर आणायला विसरू नका.

हेडलाइट बंद असतानाही स्क्रीन अंधारत असेल, तर आधी सेन्सरवर काही ठेवलंय का बघा. मोबाइलचा स्टँड, सुगंधाची बाटली, डॅशबोर्डवर अंथरलेलं कापड, यांतलं काहीही पुरतं. सगळं बाजूला करून सेन्सर हाताने झाका. पाच-दहा सेकंदांत स्क्रीन मंद झाली आणि हात काढल्यावर उजळली, तर सेन्सर ठीक आहे. कधी सेन्सर स्क्रीनच्याच चौकटीतल्या बारीक भोकात असतो आणि नवा स्क्रीनगार्ड त्याच्यावर चिकटलेला असतो.

बाहेरून बसवलेल्या अँड्रॉइड स्क्रीनमध्ये घोळ बहुधा वायरचा असतो. तिच्या हार्नेसमध्ये, म्हणजे मागच्या वायरच्या जुडग्यात, इल्युमिनेशनची वायर असते, बहुतेकदा नारिंगी, पांढऱ्या पट्टीची. ती पार्किंग लाइटच्या पॉझिटिव्हला जोडायची असते. जोडलीच नाही, तर स्क्रीनला रात्र कळत नाही. चावीबरोबर चालू होणाऱ्या लाइनला जोडली, तर कायम रात्रच राहते. डिमरच्या लाइनवर जोडली, तर डिमर खाली आणताच स्क्रीन दिवस-रात्र अशी फडफडते. मल्टिमीटर लावून बघा: पार्किंग लाइट लागल्यावर साधारण 12 व्होल्ट, बंद केल्यावर शून्य, आणि डिमर फिरवल्यावर आकडा हलता कामा नये.

राहता राहिला रिव्हर्स कॅमेरा. बऱ्याच गाड्यांत त्याचा ब्राइटनेस स्वतंत्र असतो आणि गाडी रिव्हर्समध्ये असतानाच त्याचा मेनू उघडतो. म्हणून रात्रीची मांडणी संपवताना ब्रेक दाबून ठेवून रिव्हर्स टाका आणि चित्र डोळ्यांना झेपतंय का ते बघा. ते फार उतरवू नका, मागचं लहान मूल किंवा खांब त्या चित्रातच दिसायचा असतो.