वीस ग्रॅम ग्रीस

सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. टॉवेलच्या कारखान्यातली ही ब्लोअरची मोटर तीस किलोवॅटची, चार पोलची आहे. आत ६३१२ नंबरचं बेअरिंग. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० अंशांच्या वर पारा जातो, बेअरिंगचं कव्हर हाताला चटका देतं, आणि गरम झालंय म्हटल्यावर कुणीतरी ग्रीस गन लावून भरपूर पंप मारतो. दुसऱ्या दिवशी ते आणखी तापलेलं असतं, म्हणून पुन्हा पंप.

बेअरिंगमध्ये ग्रीस खच्चून भरलं की गोळ्यांना ते सारखं घुसळत फिरावं लागतं. त्या घुसळण्यानेच उष्णता वाढते. ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट पदार्थात धरून ठेवलेलं तेल. फार तापलं की तेल सुटून वाहून जातं आणि मागे कडक, काळपट थर उरतो. म्हणजे ग्रीस भरलेलं असूनही गोळ्यांना तेल मिळत नाही. जास्तीचं ग्रीस शाफ्टच्या कडेने आत वाइंडिंगवर जातं. कापसाची तूस त्यावर चिकटते आणि वाइंडिंगची उष्णता बाहेर पडेनाशी होते.

मग किती घालायचं? बेअरिंगचा बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा, त्याला ०.००५ ने गुणा. ६३१२ साठी १३० गुणिले ३१ गुणिले ०.००५, म्हणजे साधारण २० ग्रॅम. मोटरच्या प्लेटवर वेगळा आकडा दिला असेल, तर तोच धरा.

गनच्या एका पंपात किती ग्रीस येतं, हे मात्र आपल्याच गनवर मोजावं लागतं. कागदावर दहा पंप मारून वजन करा. १२ ग्रॅम भरलं, तर २० ग्रॅमला सोळा-सतरा पंप.

आधी निपल पुसून घ्या, नाहीतर तूस ग्रीसबरोबर आत जाते. खालचा ड्रेन प्लग काढा, भोकात वाळलेलं ग्रीस असेल तर मोटर बंद ठेवून ते मोकळं करा. हे बहुतेक ठिकाणी राहून जातं, आणि जुन्या ग्रीसला वाटच उरत नाही. गार्ड न काढता निपलपर्यंत सुरक्षित पोहोचता येत असेल, तर चालू मोटरवर हळूहळू पंप मारा. प्लग उघडाच ठेवून तास-दोन तास मोटर चालू द्या, मग प्लग परत लावा. नव्या ग्रीसनंतर तापमान थोडं चढतं आणि काही तासांत उतरतं. दुसऱ्या दिवशीही उतरलं नाही, तर ग्रीस जास्त झालंय किंवा बेअरिंगच खराब आहे; आणखी पंप मारू नका.

पुढचं ग्रीसिंग कधी? बेअरिंगचं तापमान ७० अंशांच्या वर दर १५ अंशांनी वाढलं की मुदत निम्मी होते. समजा प्लेटवर ७० अंशांसाठी ८,००० तास दिलेत आणि बेअरिंग ८५ अंशांवर चालतंय, तर ४,००० तास धरा. तिन्ही पाळ्या चालणाऱ्या मोटरला ते साडेपाच महिने होतात. तूस फार उडत असेल तर मुदत आणखी कमी करा, पण प्रत्येक वेळी मात्रा तीच, २० ग्रॅम.