काळा दिसणारा लाल फ्रॉक

पडद्यावरचा हा जुना कृष्णधवल फोटो पाहा, मी तो संगणकावर रंगीत करतो आहे. आई खुर्चीत बसली आहे, शेजारी सहा-सात वर्षांची मुलगी. मुलीचा फ्रॉक जवळजवळ काळा दिसतो. ती मुलगी आज आजी आहे आणि फ्रॉक लालभडक होता असं ठामपणे सांगते. मला वाटलं, आठवणीची गफलत असेल. पण चूक माझीच होती.

जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जवळपास जाणवतच नसे, निळा मात्र भरपूर जाणवे. त्यामुळे लाल कापड काळवंडतं आणि आकाशी कापड पांढरं भासतं. या फोटोत आईचे ओठही गर्द आहेत. फिल्म त्या प्रकारची असावी, हा संशय मला तिथेच आला.

आता फ्रॉकवर नवा थर घेऊन `Color` मोडमध्ये लाल भरला, तर हाती येतो मातकट मरून. हा मोड रंग बदलतो, पण उजळपणा खालच्या फोटोचाच ठेवतो. म्हणून आधी फ्रॉकपुरता मास्क करून `Curves` ने मधल्या छटा उचलल्या आणि मग रंग दिला. फार उचललं की फिल्मचे दाणे वर येतात, आणि चुण्यांचा जो तपशील फिल्मवर उमटलाच नाही तो परत मिळत नाही. मी थोड्या गडद लालवर थांबलो. आजी म्हणाल्या, "धुऊन धुऊन जुना झालाय!"

एकच लाल सगळीकडे भरला तर कापड प्लास्टिकसारखं दिसतं. म्हणून सावलीत किरमिजीकडे झुकणारा, मध्ये खरा लाल आणि उजेडात किंचित नारिंगी, फिकट असा `Gradient Map` लावला. त्याचाही मोड `Color`.

केसांना तर याची जास्तच गरज असते. काळे केस नुसते काळे सोडले की रंगीत चेहऱ्यावर टोप ठेवल्यासारखे दिसतात. मी सावलीत गडद तपकिरी घेतो आणि चमकेवर अगदी थोडी निळसर राखाडी. खरा वेळ जातो तो कपाळाच्या कडेला. तिथे केस विरळ होतात आणि खालची त्वचा दिसते, म्हणून मास्कची कड दोन-तीन पिक्सेल मऊ करून त्वचेचा रंग केसांखाली थोडा आत जाऊ द्यायचा. भांगात तर त्वचेचाच रंग हवा.

शेवटी सर्वांत वर `Hue/Saturation` चा थर टाकून सॅच्युरेशन तात्पुरतं +60 करतो. सांडलेला रंग लगेच उघडा पडतो. इथे आईच्या बोटांवर फ्रॉकचा लाल सांडला होता, तो पुसला. मुलीच्या हनुवटीखाली मात्र लालसर झाक मुद्दाम दिली, अगदी पुसट. भडक कापड आपला रंग जवळच्या त्वचेवर टाकतंच.