आधी मधला आकडा

(दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग. गल्लीतून यंत्रमागांचा खडखडाट. दप्तरं घेऊन शाळेकडे निघालेली मुलं.)

निवेदन: सोलापुरात एखाद्या मुलाला विचारा, "तुला कोणती भाषा येते रे?" एका शब्दात उत्तर मिळेलच असं नाही. या भागात विणकामाच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेली तेलुगू घरं आहेत. कर्नाटकची हद्द हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कन्नडही कानावर असतेच. शाळा मात्र मराठी माध्यमाची. म्हणून नववीच्या संच प्रकरणावरचं हे वर्कशीट भाषांपासूनच सुरू होतं.

(दृश्य: कागदाचा क्लोजअप. एक आयत, आत एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं.)

उदाहरण असं आहे. वर्गात ६० मुलं. ३८ जणांना तेलुगू येते, २७ जणांना कन्नड, आणि १३ जणांना दोन्ही. दोन्हींपैकी एकही न येणारी मुलं किती? (आकडे उदाहरणापुरते घेतलेले आहेत, शिरगणती कोणी केलेली नाही.)

आयत म्हणजे विश्वसंच U, म्हणजे अख्खा वर्ग. डावं वर्तुळ तेलुगूचं, T. उजवं कन्नडचं, K. मधे बदामाच्या आकाराचा जो भाग दोघांतही येतो तो छेद संच, T ∩ K. दोन्ही वर्तुळं मिळून जो घेर होतो तो संयोग संच, T ∪ K. आणि वर्तुळाबाहेर पण आयताच्या आत जे उरतं, तो संयोगाचा पूरक संच, (T ∪ K)′.

एका मुलीने लगेच हात वर केला, "सर, मराठीचं वर्तुळ कुठंय?" रास्त प्रश्न आहे. वर्गात मराठी सगळ्यांनाच येते, त्यामुळे ते वर्तुळ काढायला गेलं तर पसरत पसरत आयताएवढंच होईल. मराठीचा संच म्हणजेच U, आणि त्याचा पूरक संच रिकामा.

(दृश्य: पेन्सिल. डाव्या वर्तुळाच्या मोकळ्या भागात ३८, मधे १३, उजवीकडे २७.)

आता बघा, बहुतेक मुलं काय करतात. प्रश्नात आकडे ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने आकृतीत बसवतात. डावीकडे ३८, उजवीकडे २७, मधे १३. बेरीज ७८. वर्ग ६० चा.

"सर, हे तर जास्तच होऊ लागलंय की!"

होणारच. "३८ जणांना तेलुगू येते" याचा अर्थ "३८ जणांना फक्त तेलुगू येते" असा नाही. ज्यांना दोन्ही येतात ते १३ जण या ३८ मध्येही मोजलेले आहेत आणि त्या २७ मध्येही. ३८ हा आकडा अख्ख्या वर्तुळाचा आहे, त्याच्या एका फाकेचा नाही. म्हणून सुरुवात मधून करायची. बदामात १३ लिहायचे. मग ३८ मधून १३ वजा, डाव्या फाकेत २५. २७ मधून १३ वजा, उजव्या फाकेत १४. तिन्ही मिळून ५२, आणि ६० मधून ५२ गेले की बाहेर ८.

सूत्र हीच गोष्ट सांगतं:

n(T ∪ K) = n(T) + n(K) − n(T ∩ K)

३८ अधिक २७ वजा १३, म्हणजे ५२. शेवटची वजाबाकी आहे ती दोनदा मोजलेली १३ मुलं एकदाच धरण्यासाठी. सूत्र पाठ असूनही आकृतीत ३८ फाकेत लिहिणारी मुलं बरीच भेटतात. सूत्र आणि चित्र एकच गोष्ट सांगतात, हे तोवर त्यांच्या लक्षात आलेलं नसतं.

(दृश्य: वर्कशीटचा दुसरा प्रश्न. कडेला दुकानात रचलेल्या सोलापुरी चादरी.)

पण चूक दर वेळी अशी ओरडून सांगत नाही. दुसरं उदाहरण घ्या. दुकानातल्या १०० गिऱ्हाइकांची पाहणी. ३५ जणांनी चादर घेतली, २८ जणांनी टॉवेल, १२ जणांनी दोन्ही. चुकीच्या पद्धतीने मांडलं तर ३५, १२ आणि २८ मिळून ७५, म्हणजे काहीच न घेता गेलेले २५. शंभराच्या आत बसलं, मूल खूश, पुढच्या प्रश्नावर. खरं उत्तर मात्र ४९ आहे: फक्त चादर २३, दोन्ही १२, फक्त टॉवेल १६, एकूण ५१.

अशी चूक पकडायची तर एकूण बेरजेवर विसंबून चालत नाही. चादरीच्या अख्ख्या वर्तुळावरून बोट फिरवायचं आणि आतले दोन्ही भाग मिळवायचे. २३ आणि १२, पस्तीस. जुळलं. चुकीच्या आकृतीत तेच बोट ४७ दाखवेल, आणि प्रश्नात ४७ कुठेच नाही.

(दृश्य: पुन्हा भाषांची आकृती. एक हात पेन्सिलने रेघा मारतोय.)

पूरक संचाशी आलं की गाडी वेगळ्या ठिकाणी अडते. "तेलुगू आणि कन्नड दोन्ही येत नाहीत" या वाक्याचे दोन अर्थ निघू शकतात. एकही येत नाही, की दोन्हींची जोडी येत नाही? इथे रेघा कामाला येतात. T च्या बाहेर सगळीकडे आडव्या रेघा मारा, तो T′, २२ मुलं. K च्या बाहेर तिरक्या रेघा मारा, तो K′, ३३ मुलं. दोन्ही रेघा एकमेकींना जिथे छेदतात तो भाग फक्त वर्तुळांबाहेरचा, ८ मुलांचा. हा T′ ∩ K′, आणि हाच (T ∪ K)′. आता कुठलीही एक तरी रेघ पडलेला भाग बघा. बदाम सोडून सगळंच रेघाळलेलं आहे. तो T′ ∪ K′, म्हणजे ६० वजा १३, ४७ मुलं. वाक्य तेच, पण कोणता अर्थ धरता त्यावर उत्तर ८ की ४७ ते ठरतं. म्हणून प्रश्न काढणाऱ्यानेच "एकही भाषा येत नाही" असं स्वच्छ लिहावं. तेवढी जबाबदारी त्याची.

T′ ∩ K′ म्हणजेच (T ∪ K)′, या नियमाला डी मॉर्गनचा नियम म्हणतात. ऑगस्टस डी मॉर्गन हा इंग्रज गणिती जन्मला आपल्याकडे, मदुराईत, १८०६ साली. वर्तुळं जॉन व्हेनच्या नावावर आहेत. त्याने १८८० मध्ये ही पद्धत मांडली. वर्तुळं काढून विचार करणं त्याच्याही आधी ऑयलरने केलं होतं. व्हेनचा आग्रह असा, की छेद असो वा नसो, वर्तुळं आधी एकमेकांत घालूनच काढायची आणि कुठला भाग रिकामा आहे ते नंतर ठरवायचं.

(दृश्य: वर्कशीटचा शेवटचा प्रश्न. मधला भाग कोरा.)

शेवटच्या प्रश्नात हे उपयोगी पडतं. ६० मुलं, ३८ तेलुगू, २७ कन्नड, पण दोन्ही येणारे किती ते दिलेलंच नाही. "सर, आकडा छापायचा राहिलाय," असं पोरं म्हणतात. राहिलेला नाही. मधे x लिहा. डावीकडे ३८ − x, उजवीकडे २७ − x, तिन्हींची बेरीज ६५ − x. ती ६० च्या वर जाऊ शकत नाही, म्हणून x किमान ५. आणि कन्नड येणारेच २७, म्हणून x फार तर २७. पाच असेल तर वर्तुळांबाहेर कोणीच उरत नाही. सत्तावीस असेल तर उजवी फाक रिकामी होते, K हा T चा उपसंच ठरतो, आणि बाहेर २२ मुलं राहतात. उत्तराच्या रकान्यात एक आकडा नाही, ५ ते २७ असं लिहायचं.