अर्धे, पण कशाचे? मुंबईची जागा आणि गोव्याचा वारसा

नमस्कार. मागच्या वेळी मृत्युपत्रावर बोलताना मी ‘कुटिन्हो विरुद्ध परेरा’ या खटल्याचा ओझरता उल्लेख केला आणि त्यानंतर एकच प्रश्न इतक्या जणांनी इतक्या प्रकारे विचारला की त्यासाठी हा स्वतंत्र व्हिडिओ करावा लागत आहे. प्रश्न असा की, गोव्याच्या माणसाची मुंबईत जागा असेल, तर त्याच्या मागे तिची वाटणी कोणत्या कायद्याने होते? हाच प्रश्न विद्यार्थिदशेत माझ्याही डोक्यात एका रात्रीपर्यंत बसत नव्हता. तो कसा बसला, ते त्या रात्रीच्या क्रमानेच सांगते, कारण आपल्यापैकी बहुतेक जण नेमके तिथेच अडकलेले दिसतात.

प्राथमिक गोष्टी झटपट सांगते. गोव्यात 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता लागू होती आणि 19 डिसेंबर 1961 ला मुक्ती मिळाल्यानंतरही ती चालू राहिली. तिच्या कलम 1784 नुसार मुले असलेल्या माणसाला आपल्या मालमत्तेचा अर्धा भाग मृत्युपत्राने हवा तसा देता येत नाही. तो अर्धा भाग कायद्याने मुलांसाठी राखून ठेवलेला असतो आणि त्याला लेजिटिम म्हणतात. हे फक्त ख्रिस्ती कुटुंबांपुरते आहे का, असे दर वेळी कोणीतरी विचारते. तसे नाही. आमच्या घरच्या कुळागराची वाटणीही याच नियमाने झाली आणि आमच्या देवघरात मंगेशाचा फोटो आहे.

आता खटला पाहू. मुंबईत जागा असलेल्या एका गोमंतकीय गृहस्थांना तीन मुली होत्या. त्यांनी 1957 मध्ये मृत्युपत्र करून मुंबईची जागा धाकट्या मुलीला दिली. 1967 मध्ये ते वारले. पुढे त्या मृत्युपत्राचे प्रोबेट, म्हणजे ते खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, मुंबई उच्च न्यायालयातून मिळाले. इकडे गोव्यात वारसा वाटणीची कारवाई, म्हणजे आपण ज्याला इन्व्हेंटरी म्हणतो ती सुरू झाली आणि मुंबईची जागा त्या यादीत धरायची की नाही यावर वाद पेटला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 13 सप्टेंबर 2019 ला न्यायमूर्ती दीपक गुप्ता व न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस यांच्या पीठाने ती जागा यादीत धरायची असा निकाल दिला.

कौटुंबिक कायद्याचा पेपर दुसऱ्या दिवशी दहा वाजता होता. फोंड्याला घराच्या मागच्या खोलीत मी नऊ वाजता उजळणीला बसले आणि साडेबाराला या निकालापाशी येऊन थांबले. बाहेर पाऊस इतका होता की वीज दोनदा गेली आणि दोन्ही वेळा मी मेणबत्ती लावून तोच परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचला. माझ्या वहीच्या समासात महिनाभरापूर्वी मीच लिहिलेले एक वाक्य होते: ‘स्थावराला जागेचा कायदा, मुंबईची जागा, म्हणून भारतीय उत्तराधिकार कायदा.’ पहिला भाग चूक नव्हता. दोन देशांच्या कायद्यांत संघर्ष आला की स्थावर मालमत्ता ज्या देशात असेल, तिथला कायदा लावावा, हे तत्त्व जगभर शिकवले जाते. शिवाय 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम 5 सरळ सांगते की भारतातल्या स्थावर मालमत्तेचा वारसा, मृताचे डोमिसाइल, म्हणजे कायमच्या वास्तव्याचे ठिकाण, कुठलेही असो, भारताच्या कायद्याने ठरेल. मग न्यायालयाने याच्या उलट निकाल कसा दिला, हेच मला कळेना. मी निकाल वाचत होते खरी, परंतु मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते, आणि भांडणाऱ्याला समोरच्याचे वाक्य पुरते ऐकू येत नाही.

गाठ सुटली ती एका शब्दापाशी. पाण्याचा तांब्या घेऊन परत आले आणि कलम 5 पुन्हा वाचले, तेव्हा लक्षात आले की तिथे ‘हा कायदा’ असे म्हटलेले नाही, ‘भारताचा कायदा’ असे म्हटलेले आहे. मी मात्र ‘भारताचा कायदा’ म्हणजे ‘भारतीय उत्तराधिकार कायदा’ असे धरून चालले होते. मग गोव्यातली संहिता कोणाचा कायदा होती? 1962 च्या गोवा, दमण आणि दीव (प्रशासन) अधिनियमाच्या कलम 5 ने संसदेने सांगितले की तिथे अमलात असलेले कायदे सक्षम विधिमंडळ त्यांत बदल करीपर्यंत किंवा ते रद्द करीपर्यंत चालू राहतील. म्हणजे लिस्बनने केलेला मजकूर 1962 नंतर लिस्बनच्या अधिकाराने चालत नव्हता, तो दिल्लीच्या अधिकाराने चालत होता. योगायोगाने दोन्ही अधिनियमांत कलम 5 च आहे आणि वहीत दोन्ही एकाखाली एक लिहिलेली असल्यामुळे माझा आणखी गोंधळ उडत होता, हेही कबूल करते.

हा मुद्दा मी पुन्हा सांगणार आहे, कारण ‘परकीय कायदा मुंबईत कसा चालेल’ हे वाक्य मला इतक्या वेळा वाचावे लागले आहे की आता ते डोळ्यांपुढे आले तरी चहा घ्यावासा वाटतो. संहिता परकीय नाही. तिचा जन्म परकीय आहे, तिचा अंमल भारतीय आहे. संहिता भारतीय ठरली की मुळात दोन देशांचा संघर्षच उरत नाही, आणि संघर्ष नसेल तर तो सोडवण्यासाठी बनवलेले ‘जागेचा कायदा’ हे तत्त्व वापरायचे कारणही उरत नाही. माझ्या समासातल्या वाक्याचा पहिला भाग खोटा पडला नव्हता, त्याला या खटल्यात काही कामच नव्हते. समोर उभे होते ते दोन भारतीय कायदे. त्यांतला एक सर्वसाधारण, तर दुसरा फक्त गोव्याचे डोमिसाइल असलेल्यांसाठीचा विशेष कायदा. सर्वसाधारणापुढे विशेष कायदा टिकतो, हे तर पहिल्या वर्षी शिकवतात. न्यायालयाने तेच म्हटले: अशा व्यक्तीची मालमत्ता भारतात कुठेही असो, तिच्या वारशाला संहिताच लागू होईल.

एवढे समजून दीड वाजला, तरी मनाची खात्री पटत नव्हती. कायद्याचे तर्क पटणे आणि त्यांची गरज पटणे या दोन गोष्टी वेगळ्या असतात. म्हणून मी वहीच्या मागच्या पानावर एक काल्पनिक हिशेब मांडला. तोच आज फळ्यावर मांडते, आकडे सोपे आहेत.

समजा, बायकोचा वाटा आधीच वेगळा काढला आहे आणि वडिलांच्या स्वतःच्या मालमत्तेची किंमत 60 लाख आहे. त्यात गोव्यातले घर 12 लाखांचे आणि मुंबईची जागा 48 लाखांची. मुली तीन. मृत्युपत्रात मुंबईची जागा धाकटीला दिली आहे आणि घराबद्दल काहीच लिहिलेले नाही.

आधी माझ्या जुन्या समजुतीने पाहू. मुंबईच्या जागेला वेगळा कायदा लावला, तर 48 लाख पूर्णपणे धाकटीचे. उरलेल्या घरात तिघींना चार-चार लाख. थोरल्या दोघींना प्रत्येकी 4 आणि धाकटीला 52.

आता संहितेने पाहू. पूर्ण 60 लाखांचे अर्धे, म्हणजे 30 लाख, तिघींसाठी राखीव. प्रत्येकीचे 10. उरलेले 30 लाख वडील हवे त्याला देऊ शकत होते आणि त्यांनी ते धाकटीला दिले असे समजायचे. धाकटीला एकूण 40 आणि थोरल्यांना 10-10. घर 12 लाखांचेच असल्यामुळे ते थोरल्यांना दिले तरी 8 लाख कमी पडतात, तेवढे मृत्युपत्रातल्या देणगीतून कापावे लागतात.

हे दोन रकाने शेजारी शेजारी आले तेव्हा मला पहिल्यांदा खरा प्रश्न दिसला. संहिता म्हणते ‘अर्धे’. अर्धे, पण कशाचे? एकूण किती आहे हे ठरल्याशिवाय अर्धे काढताच येत नाही. वारसा हा एकच अखंड संच आहे असे धरले तरच त्या शब्दाला अर्थ राहतो. मालमत्तेचे राज्यांनुसार तुकडे केले, तर पेडण्यापलीकडे सावंतवाडीत एक तुकडा घेतला की मुलांचा राखीव वाटा आक्रसतो आणि बेळगावात दुसरा घेतला की आणखी आक्रसतो. न्यायालयानेही वारसा एकसंध असण्यावर आणि वारसांच्या वाट्याच्या निश्चिततेवर भर दिला आहे. तो भाग मी तोवर तीनदा वाचला होता आणि तीनही वेळा त्याला प्रस्तावना समजून पुढे गेले होते.

मग प्रोबेटचे काय, असे एका दर्शकाने काहीशा रागानेच विचारले आहे. प्रोबेट मिळाले म्हणजे मृत्युपत्र खरे आहे आणि रीतसर केलेले आहे, एवढे सिद्ध झाले. ज्या मालमत्तेबद्दल ते लिहिले, ती पूर्णपणे देण्याचा अधिकार लिहिणाऱ्याला होता का, हे प्रोबेट ठरवत नाही. वरच्या हिशेबात मृत्युपत्र शंभर टक्के खरे आहे, तरीही त्यातले 8 लाख कापले गेलेच.

या निकालावर नको ते टांगू नका, अशी विनंतीही करते. पर्वरीत फ्लॅट घेतलेल्या पुण्याच्या एका गृहस्थांनी आपल्यालाही लेजिटिम लागू झाले का, असे लिहिले आहे. खटल्यातला प्रश्न गोव्याचे डोमिसाइल असलेल्या माणसाच्या बाहेरच्या मालमत्तेचा होता, तो उलटा फिरवून उत्तर काढता येत नाही. डोमिसाइल म्हणजे जन्मगाव नव्हे आणि वीजबिलावरचा पत्ताही नव्हे. कायम राहण्याच्या हेतूने केलेले वास्तव्य त्याला लागते, आणि पुष्कळ खटल्यांत खरी लढाई तिथेच होते. शिवाय 22 डिसेंबर 2016 पासून गोव्याचा स्वतःचा 2012 चा उत्तराधिकार अधिनियम अमलात आला आहे, म्हणून मृत्यू कधी झाला ते सर्वांत आधी पाहा.

तीनच्या सुमारास मी समासातले ते वाक्य खोडले आणि तिथे फक्त ‘कशाचे?’ असे लिहून झोपले. सकाळी चहा घेताना बाबांना दोन्ही रकाने दाखवले. त्यांनी चष्मा लावून बेरीज तपासली आणि विचारले, “म्हणजे गिरगावची खोलीसुद्धा इथल्या यादीत धरायची?” मी हो म्हटले. “मग तिची किंमत कधीची धरायची? माणूस गेला त्या दिवसाची, की वाटणीच्या दिवसाची?”

पेपरला दीड तास उरला होता आणि मी पुन्हा वही उघडली.