जांघेतली खाज आणि पिशवीभर ट्यूबा

नमस्कार श्रोतेहो. आज ज्या दुखण्याबद्दल मी बोलणार आहे, त्याबद्दल पुरुष माणसं बायकोशीही बोलत नाहीत. दवाखान्यात येतात, खुर्चीत बसतात, आधी गुडघा दुखतो म्हणून सांगतात आणि उठता उठता हळूच म्हणतात, ‘डॉक्टरसाहेब, अजून एक होतं. जांघेत खाज सुटत्या.’ मी त्वचेचा डॉक्टर आहे. माझ्यापुढे हे लाजत बोलायचं काहीच कारण नाही, म्हणून आज मीच मोकळेपणानं बोलतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारे एक हमालदादा माझ्याकडे आले होते. वय चौतीस. त्यांनी टेबलावर एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. पिशवीत नऊ ट्यूबा होत्या, काही पिळून चपट्या झालेल्या, काही अर्ध्या. सात महिन्यांचा हिशोब होता तो. ते म्हणाले, ‘लावलं की दोन दिसांत थंड पडतंय. सोडलं की आठ दिसांत परत उठतंय, आणि आधीपेक्षा मोठं.’ या दोन वाक्यांत त्यांनी स्वतःच्या आजाराचं निदान सांगून टाकलं होतं.

जांघेतला हा चट्टा बहुतेक वेळा बुरशीचा असतो. आपल्याकडे त्याला गजकर्ण म्हणतात, काही जण नायटा म्हणतात. ही बुरशी कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरात राहते आणि तिथल्या केराटिनवर जगते. नखं आणि केस बनतात तेच हे द्रव्य. घाम, ओल आणि कातडीला कातडी घासणं, या तीन गोष्टी तिला हव्या असतात आणि जांघेत त्या बारा महिने मिळतात. चट्टा कडेकडेनं पसरतो. कड लाल, थोडी उंच आणि कोंडा सुटलेली असते, मधला भाग निवळल्यासारखा दिसतो. अंडकोशाची कातडी मात्र बहुधा वाचते. अंडकोशही लाल झाला असेल आणि चट्ट्याभोवती बारीक लाल पुटकुळ्या विखुरल्या असतील, तर ती कँडिडा नावाची दुसरी बुरशी असू शकते. मधुमेह असलेल्यांमध्ये ती जास्त दिसते. आणि चट्टा तपकिरी, सपाट आणि फारसा न खाजणारा असेल, तर ते बुरशीऐवजी जिवाणूंचं काम असू शकतं. त्याचं औषधच वेगळं.

हमालदादांच्या चट्ट्याला मात्र अशी स्पष्ट कड उरलेलीच नव्हती. लाली पुसट होती, पसारा मांड्यांपासून कुल्ल्यांपर्यंत गेलेला, आणि दोन्ही जांघांत लांब जांभळट रेघा पडलेल्या. बाळंतपणानंतर बाईच्या पोटावर पडतात, तशा. त्या बघितल्या आणि पिशवीतल्या ट्यूबांवर काय लिहिलं असेल, हे मला न वाचताच कळलं.

वाचलं तर नऊपैकी सात ट्यूबांमध्ये तीन-चार औषधं एकत्र होती. एक बुरशीचं, एक जिवाणूंचं आणि एक स्टेरॉइड. सगळा घोळ या स्टेरॉइडचा आहे. बुरशी शिरली की आपलं शरीर तिच्यावर चालून जातं. ती लाली, ती सूज, ती खाज म्हणजे शरीराची झुंज असते. स्टेरॉइड ती झुंज थांबवतं. लाली जाते, खाज जाते, माणसाला रात्रीची झोप लागते आणि त्याला वाटतं, औषध लागू पडलं. राखणदाराला झोपवून शेत शांत केल्यासारखं आहे हे. बुरशी आत निवांत पसरत राहते. ट्यूबमधलं बुरशीचं औषध तिला पुरं मारायच्या आत माणूस मलम थांबवतो, कारण खाज तर गेलेली असते. मग राखणदार जागा होतो आणि त्याला दुप्पट पसरलेली बुरशी दिसते. म्हणून ते ‘आधीपेक्षा मोठं’.

आणि जांघ ही जागाच नाजूक. हाताच्या कातडीच्या मानानं तिथली कातडी मलम फार जास्त शोषून घेते. अंडकोशाची तर हाताच्या सुमारे 40 पट, असं मोजून पाहिलेलं आहे. वर चड्डी आणि घाम यांनी ते मलम दाबून धरलेलं. त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांत कातडी पातळ होते आणि आतून फाटून त्या रेघा पडतात. 2018 साली सरकारनं यातली बरीच स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती हातोहात मिळतात, हे मी रोज बघतो आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

म्हणून श्रोतेहो, घरात ट्यूब असेल तर तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, असा शेवटी ‘सोन’ असलेला शब्द दिसला किंवा क्लोबेटासॉल दिसलं, तर ते स्टेरॉइड आहे. ती ट्यूब जांघेतल्या गजकर्णाला लावायची नाही.

आता काही जण म्हणतील, आम्ही तर स्टेरॉइड नसलेलं, साधं बुरशीचं मलम लावलं, तरी गेलं नाही. त्यांना मी विचारतो, किती लावलं? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूब पिळली की साधारण अर्धा ग्रॅम मलम निघतं. ते दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. दोन्ही जांघांचा चट्टा मिळून चार तळहात धरला, तर एका वेळेला एक ग्रॅम लागतं. दिवसातून दोनदा लावायचं मलम असेल तर रोज दोन ग्रॅम, म्हणजे 15 ग्रॅमची ट्यूब आठवड्यात संपली पाहिजे. आपल्याकडे तीच ट्यूब दोन महिने चालते. शिवाय मलम चट्ट्यावरच लावून भागत नाही. बुरशी कडेच्या बाहेर, चांगल्या दिसणाऱ्या कातडीतही गेलेली असते, म्हणून सगळीकडून दोन बोटं पुढेपर्यंत लावायचं. आणि खाज गेली, चट्टा मिटला, तरी पुढे दोन आठवडे लावत राहायचं. कातडीचा वरचा थर पुरा बदलायला महिनाभर लागतो. त्या थरात दबून बसलेली बुरशी चार दिवसांत जात नाही.

तरीही काहींचं जात नाही, हेही खरं आहे. तासगाव-पलूसकडच्या द्राक्ष बागायतदारांना हे लगेच कळेल. भुरीवर एकच बुरशीनाशक कमी मात्रेत सारखं मारत राहिलं, तर एक दिवस ते चालेनासं होतं. माणसाच्या कातडीवरची बुरशी वेगळी, पण न्याय तोच. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी पसरली आहे. तिच्या नावातच भारत आहे. टर्बिनाफिन हे वर्षानुवर्षं भरवशाचं औषध. या बुरशीच्या बऱ्याच रुग्णांत ते, गोळी घेऊनसुद्धा, लागू पडत नाही. ते लागू पडलं नाही तर दुसऱ्या औषधाची गोळी द्यावी लागते. त्याआधी रुग्णाचं यकृत, हृदय आणि चालू असलेली बाकीची औषधं बघावी लागतात. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून ती गोळी घेऊ नका, म्हणून मी मात्रा इथे मुद्दाम सांगत नाही.

पुन्हा हमालदादांकडे येऊ. चट्ट्याच्या कडेचा कोंडा बोथट पात्यानं खरवडून काचपट्टीवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि थोड्या वेळानं सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. फांद्या फुटलेले बुरशीचे धागे गर्दी करून होते. तपासणी एवढी सोपी आणि स्वस्त आहे. रक्तातली साखर ठीक होती. मग मी विचारलं, घरात अजून कुणाला? ते गप्प झाले. सोबत आलेल्या वहिनी म्हणाल्या, ‘माझ्या कमरंला बी हाय, नाडी बांधतो तिथं.’ परकराची नाडी घट्ट बसते, तिथे घाम साठतो, तिथेच चट्टा धरतो. चादर एक, टॉवेल एक. एकाला बरं करायचं आणि दुसऱ्याकडून ती परत घ्यायची, असं त्या घरात सात महिने चाललं होतं. म्हणून औषध दोघांनाही एकाच दिवशी सुरू केलं.

जुन्या ट्यूबा बंद करताना मी त्यांना आधीच सांगितलं, की पहिला आठवडा खाज वाढेल. स्टेरॉइड सोडलं की असं होतंच. हे माहीत नसेल तर माणूस घाबरून परत तीच ट्यूब पिळतो. तेवढ्या दिवसांपुरती खाजेची साधी गोळी दिली. बाकी त्यांची चड्डी, टॉवेल आणि चादर रोज वेगळी, सोसवणार नाही इतक्या गरम पाण्यात धुवायची, उलटी करून उन्हात टाकायची. कृष्णाकाठच्या पावसाळ्यात ऊन मिळत नाही, तेव्हा शिवणींवरून कडक इस्त्री फिरवायची. दमट चड्डी घालायची नाही. अंघोळीनंतर जांघ वेगळ्या फडक्यानं टिपून घ्यायची. पायाच्या बोटांच्या बेचक्यांतही बुरशी असेल तर चड्डीच्या आधी मोजे घालायचे, नाहीतर चड्डी वर चढवताना ती पायावरची बुरशी जांघेत नेऊन सोडते. तालमीत जाणाऱ्या पोरांनाही हेच सांगेन. ओला लंगोट गुंडाळून पिशवीत ठेवून दुसऱ्या दिवशी तोच कसू नका, आणि चट्टा असेपर्यंत जोडीदाराशी झोंबू नका, कारण एकाचा चट्टा साऱ्या आखाड्यात फिरतो. आणि रॉकेल, लसूण, जंतुनाशकाचं पाणी जांघेला लावून भाजून घेऊन येणारे मी दर महिन्याला बघतो. तेवढं करू नका.

हमालदादांना गोळी आणि साधं मलम मिळून आठ आठवडे लागले. सहाव्या आठवड्यात ते म्हणाले, ‘खाज पार गेली, पण काळं राहिलंय, अजून थोडं लावू का?’ तो काळा डाग म्हणजे बुरशी नव्हे. सूज ओसरल्यावर मागे राहणारा रंग आहे तो, काही महिन्यांत आपोआप फिका होतो, त्याला घासायचं नाही. मग त्यांनी त्या जांभळट रेघांकडे बोट दाखवलं आणि ह्या कधी जातील, असं विचारलं. त्यांना खरं तेच सांगितलं, की त्यांचा रंग उतरून त्या पांढुरक्या होतील, पण पुसल्या जाणार नाहीत.