‘नाही’ पुढच्या ओळीत गेलं, त्याची गोष्ट

(नागपुरात सूत्रसंचालक आणि संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

एका वाचनालयाच्या वार्षिक सभेत मी श्रोता म्हणून बसलो होतो. सचिवबाई चांगल्या वाचत होत्या. हातात ए-फोर कागद, 12 पॉइंटचा टाइप, या कडेपासून त्या कडेपर्यंत मजकूर. त्या वाचू लागल्या, “वाचनालयाची जुनी इमारत पाडण्याचा निर्णय समितीने घेतलेला...” इथे ओळ संपली. पुढची ओळ शोधायला त्यांना दोन सेकंद लागले. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “काहून पाडता बे?” सभागृहात कुजबुज सुरू झाली. पुढच्या ओळीचा पहिला शब्द होता ‘नाही’. तो कुणाला ऐकूच गेला नाही.

बाईंचं यात काही चुकलं नव्हतं. चुकला होता कागद. डोळा ओळीच्या उजव्या टोकाला पोचला की त्याला उडी मारून डावीकडे, एक ओळ खाली यावं लागतं. ओळ जितकी लांब, तितकी ही उडी चुकण्याची शक्यता जास्त. घरी पुस्तक वाचताना हे जाणवत नाही, कारण नजर कागदावरून हलतच नाही. बोलणारा माणूस मात्र मध्येच वर बघतो आणि पुन्हा खाली बघतो, तेव्हा सोळा सेंटिमीटर लांबीच्या तीस सारख्या ओळींतून आपली ओळ त्याला हुडकावी लागते. त्यात लागोपाठच्या दोन ओळी ‘आपल्या’ या एकाच शब्दाने सुरू होत असतील, तर एक ओळ गिळली गेलीच म्हणून समजा. मी स्वतः गिळली आहे, आणि नेमकी अध्यक्षांच्या नावाची.

म्हणून ओळ तोडायची ती कागदाच्या कडेला नाही, श्वास आणि अर्थ जिथे थांबतो तिथे. चर्चिलची भाषणं अशीच तुटक ओळींत टाइप केलेली असत. बायबलमधल्या स्तोत्रांसारखी ती दिसत. आपल्याला तर याची गरज जास्तच आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि ‘नाही’ त्याच्याही नंतर. ओळ चुकीच्या जागी तुटली की नकाराचा होकार ऐकू येतो. बाईंचं तेच वाक्य असं लिहून बघा:

वाचनालयाची जुनी इमारत
पाडण्याचा निर्णय
समितीने घेतलेला नाही.

पण छत गळतं,
म्हणून पावसाळ्यात
वरचा मजला
बंद ठेवावा लागेल.

एका ओळीत दोन-तीन शब्द. ‘घेतलेला नाही’ एकत्र. वाक्य संपलं की एक ओळ मोकळी; ती मोकळी जागाच सांगते की आता वर बघ. बाईंच्या कागदावर पुढे ‘पण छत गळत असल्यामुळे...’ असं एकाच वाक्यात जोडलेलं होतं; ते लांबलचक वाक्य आपोआप दोन वाक्यांचं झालं, हा वरचा फायदा. वर्डमध्ये यासाठी प्रत्येक ओळीनंतर Shift+Enter दाबा आणि मजकूर डावीकडून लावा. दोन्ही कडा सारख्या करू नका. उजवी कड वेडीवाकडी राहिली की प्रत्येक ओळीचा आकार वेगळा दिसतो, आणि डोळा तो आकार ओळखून परत येतो.

टाइप 20 पॉइंटच्या खाली नको. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. त्यामुळे मूळ अक्षराला जागा कमी उरते आणि तोच आकडा इंग्रजीपेक्षा बारीक दिसतो. ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी एकमेकांत अडकतात. पानाचा खालचा तिसरा हिस्सा कोरा सोडा. तिथवर वाचायला गेलात की हनुवटी छातीला टेकते आणि आवाज माईकऐवजी कागदात जातो.

एवढं केल्यावर एका पानावर साधारण पंचवीस शब्द बसतात, म्हणजे पंधरा सेकंदांचं बोलणं. दहा मिनिटांच्या भाषणाला चाळीस पानं. लोक दचकतात इथे. पण पानं पाठपोट छापायची नसतात, स्टेपलही करायची नसतात. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, डावीकडे सरकवायचं. वाक्य कधीही दोन पानांत तोडू नका. पान क्रमांक वर उजवीकडे, मोठा. पानं हातातून पडली तर तेवढाच आधार.

आता तुम्ही म्हणाल, सुटी पानं आणि मे महिन्यातला नागपूरचा कूलर! बरोबर आहे. मी बर्डीवर प्रिंट काढताना जाड कागद मागतो, आणि सभागृहात गेल्यावर सगळ्यात आधी कूलरचं तोंड कुठे आहे ते बघतो. पोडियमकडे असेल तर पानं फाइलच्या पारदर्शक खिशांत घालायचा मोह होतो. घालू नका, वरचा दिवा त्यात चमकतो आणि अर्धी ओळ दिसेनाशी होते. त्यापेक्षा माईकवाल्याला सांगून कूलरच वळवून घ्या.

प्रिंट पेनड्राइव्हवरून काढणार असाल तर फाइल पीडीएफ करून न्या. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसला की दुसरा फॉन्ट येतो, ओळी रुंदावतात, आणि ‘नाही’ पुन्हा खालच्या ओळीत जाऊन बसतं.