अंदाज किती ढोबळ चालतो?

[पडद्यावर : परीक्षा केंद्रातील संगणकांची रांग. एका पडद्याच्या कोपऱ्यात उलटे मोजणारे घड्याळ.]

बँकांतील लिपिक पदासाठी आयबीपीएस जी पूर्व परीक्षा घेते, तिच्या अंकगणिताच्या भागात ३५ प्रश्न असतात आणि त्यांसाठी २० मिनिटे मिळतात. एका प्रश्नाच्या वाट्याला जेमतेम ३४ सेकंद येतात आणि चुकीच्या उत्तरामागे पाव गुण कापला जातो. याच भागात अनेकदा ‘प्रश्नचिन्हाच्या जागी अंदाजे कोणती किंमत येईल?’ असे विचारणारे प्रश्न असतात. क्लासमध्ये सगळे त्यांना अ‍ॅप्रॉक्सिमेशनचे प्रश्न म्हणतात. आपण त्या धाटणीचा एक प्रश्न पाहू.

[पडद्यावर : √१२९५.७ × १४.९८ + ८३९.६ चे ३/७ − ६३९.९ चे १२.४८% = ?
पर्याय : ७६०, ७९०, ८२०, ८५०, ८८०]

वर्गमूळ, दशांश, अपूर्णांक आणि टक्के एकाच ओळीत आल्यामुळे हा प्रश्न अंगावर येतो. पण तो रचला कसा गेला असावा, हे ओळखले की त्यातला दरारा संपतो. प्रश्न काढणाऱ्याने आधी सरळ पूर्णांकांचे उदाहरण मांडले आणि मग प्रत्येक संख्येला किंचित धक्का दिला. १२९६ हा ३६ चा वर्ग आहे, त्याचे १२९५.७ झाले. १५ चे १४.९८ झाले. सातने भाग जाणाऱ्या ८४० चे ८३९.६ झाले आणि साडेबारा टक्के, म्हणजे एक अष्टमांश, १२.४८ च्या वेषात आले. सोडवणाऱ्याने हे धक्के फक्त परत घ्यायचे असतात.

३६ गुणिले १५ म्हणजे ५४०. ८४० चा सातवा भाग १२०, त्याची तिप्पट ३६०. ६४० चा आठवा भाग ८०. शाळेत पाठ केलेल्या ‘कंचेभागुबेव’च्या क्रमाने ५४० अधिक ३६० वजा ८०, म्हणजे ८२०. तिसरा पर्याय. खरे उत्तर ८१९.२ च्या आसपास आहे; आपली चूक एकापेक्षाही कमी आणि पर्यायांतले अंतर ३०. म्हणूनच अशा प्रश्नात पहिली नजर प्रश्नावर नव्हे, तर पर्यायांवर टाकावी. दोन शेजारच्या पर्यायांत जेवढे अंतर असते, त्याच्या निम्म्यापर्यंतची चूक उत्तर बदलत नाही.

आता वर्गमूळाकडे थोडे थांबून पाहू, कारण दर वेळी संख्या पूर्ण वर्गाला इतकी चिकटलेली नसते. समजा, √१४३० आले. ३७ चा वर्ग १३६९ आणि ३८ चा वर्ग १४४४, म्हणजे मूळ ३८ च्या जवळ आहे. १४३० हे १४४४ पेक्षा १४ ने कमी आहेत. त्या १४ ला ३८ च्या दुपटीने, म्हणजे ७६ ने भागले की साधारण ०.१८ येतात. ते ३८ मधून वजा केले की ३७.८२ मिळते आणि खरे मूळ ३७.८१५ आहे. वर्गमूळाचा स्वभाव तसा मवाळ असतो: चिन्हाखालच्या संख्येत एक टक्का चूक झाली, तर मुळात ती अर्ध्या टक्क्यापुरती उरते. मात्र त्या मुळाला पुढे कशाने गुणायचे आहे, हे आधी पाहावे. √१४३० × ५० या उदाहरणात ३८ धरले तर १९०० येतात आणि खरे उत्तर १८९१ आहे. पर्याय तीस-तीसच्या अंतराने असतील तर ३८ खुशाल धरावे. दहा-दहाच्या अंतराने असतील तर ती ०.१८ ची दुरुस्ती टाळता येत नाही.

खरा घोटाळा होतो तो गुणाकारानंतर वजाबाकी येते तेव्हा.

[पडद्यावर : ४१.६ × २४.९ − १००९.८ = ?
पर्याय : १४, २६, ४०, ५२]

‘अर्ध्याच्या वर गेले की पुढचा पूर्णांक’ हा शाळेतला नियम लावला, तर ४२ गुणिले २५ म्हणजे १०५०, त्यातून १०१० गेले, उरले ४०. पर्यायांत ४० आहे, त्यामुळे शंकाही येत नाही. प्रत्यक्षात उत्तर २६ आहे. ४१.६ चे ४२ करताना आपण फक्त ०.४ वाढवले, पण ते ०.४ पुढे २५ ने गुणले गेले आणि त्यांचे १० झाले. २४.९ चे २५ करताना वाढवलेला ०.१ हा ४१.६ ने गुणला गेला आणि आणखी ४ वाढले. दोन्ही संख्या एकाच दिशेला सरकवल्यामुळे चुका एकमेकींत मिळून १४ झाल्या. १०५० मध्ये १४ म्हणजे सव्वा-दीड टक्का, तो कुणाच्या लक्षातही येत नाही. पण वजाबाकीत १०१० निघून जातात आणि चूक मात्र सगळीच्या सगळी मागे राहते.

यावर उपाय सोपा आहे. सोयीची एकच संख्या पूर्णांकात आणावी आणि दुसरी आहे तशी ठेवावी. ४१.६ गुणिले २५ म्हणजे १०४०. त्यातून ४१.६ चा दशांश, म्हणजे सुमारे ४, काढून टाकला की १०३६ आणि १०१० वजा केले की २६. दोन्ही संख्या सरकवायच्याच असतील, तर गुणाकारात एक वर आणि एक खाली न्यावी. ४१.६ × २५.३ हे ४२ × २५ धरले तर १०५० येतात आणि खरे उत्तर १०५२.५ आहे, वर गेलेले १० आणि खाली आलेले साडेबारा एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. भागाकारात नेमके उलट करायचे, तिथे भाज्य आणि भाजक दोन्ही एकाच दिशेला आणि सारख्याच प्रमाणात सरकवायचे.

भाजक एकापेक्षा लहान दशांश असेल, तर त्याला शक्यतो हातच लावू नये. १४९.८ ÷ ०.२४ मध्ये ०.२४ चे ०.२ केले की उत्तर ७५० येते, ०.२५ केले की ६००. भाज्याचे १५० करून भाजक तसाच ठेवला आणि १५,००० ला २४ ने भागले, तर ६२५ मिळतात. खरी किंमत ६२४.२ आहे. चारशतांशाची काटछाट दिसायला नगण्य वाटते, पण ०.२४ मध्ये ती एक षष्ठांश आहे.

४१.६ किंवा ०.२४ अशी संख्या दिसणे हीच थांबण्याची खूण आहे. १४.९८ आपण कुठून आलो ते स्वतःच सांगते, ४१.६ तसे काही सांगत नाही, ती धक्का दिलेली संख्या नव्हे. अशा जागी सात-आठ सेकंद जास्त गेले तरी ती गेलेली बरी.

[पडद्यावर : प्रश्नाची सूचना, ‘अंदाजे’ या शब्दाखाली रेघ.]

एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. त्याच प्रश्नपत्रिकेत दिसायला अगदी अशीच, पण नेमकी किंमत विचारणारी पदावलीही असू शकते. तिच्या सूचनेत ‘अंदाजे’ हा शब्द नसतो आणि पर्याय ६२३, ६२५, ६२८ असे एकमेकांना खेटून असतात. तिथे ६२३ च्या जागी ६२५ धरण्याची सोय नाही; कच्च्या कागदावर पूर्ण भागाकारच मांडावा लागतो.